शंभर केबीच्या आत

बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा देणाऱ्याला फोटो आणि सहीबरोबर आणखी एक गोष्ट अपलोड करावी लागते: स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. पांढरा कागद, काळी शाई. चित्र ८०० बाय ४०० पिक्सेलचं आणि फाइल ५० ते १०० केबीच्या दरम्यान. फॉर्म भरताना अनेकांचं घोडं इथेच अडतं, कारण मोबाइलने काढलेला त्याच कागदाचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या तीस-चाळीस पट असतो.

मग क्वालिटीचा आकडा एकदम तळाला नेला जातो. फाइल बसते, पण अक्षरांभोवती राखाडी ठिपके उठतात आणि कागद चौकटीचौकटींचा दिसू लागतो. या चौकटी जेपीईजीच्या रचनेतूनच येतात. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील ठोकळमानाने नोंदवते. किती ठोकळ, ते क्वालिटीचा आकडा ठरवतो. तो टक्का नव्हे. ५० म्हणजे निम्मी फाइल, असं गणित इथे चालत नाही. शिवाय एकाच आकड्यावर दोन फोटोंच्या फाइली वेगवेगळ्या वजनाच्या निघतात. खरखरीत कागद, त्यावर पडलेली हाताची सावली, मंद उजेडात कॅमेऱ्याने आणलेले दाणे हा सगळा त्या पद्धतीच्या लेखी तपशीलच, आणि त्यालाही केबी मोजावे लागतात. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो म्हणूनच आधीच हलका पडतो.

आकडा आधी सांगता येत नाही, तेव्हा तो शोधावा लागतो. त्याआधी फोटो दोनास एक प्रमाणात कापून ८०० बाय ४०० करून घ्यायचा. हा क्रम उलटा करू नये. बारा मेगापिक्सेलचं चित्र नुसत्या क्वालिटीच्या जोरावर १०० केबीत कोंबलं, तर त्याच्या चिंध्या होतात. पिक्सेल कमी केले की बरंचसं ओझं तिथेच उतरतं.

मग अर्ध्याअर्ध्याने शोध. समजा, ९० वर फाइल १३८ केबी झाली, जास्त. ६० वर ६४. बसली, पण बरीच जागा उरली. मधला ७५ घेतला: ८४. त्याच्या आणि ९० च्या मधला ८२: १०३, थोडक्यात हुकली. ७८ वर ९१, ८० वर ९७. इथे थांबायचं. ९० पासून एकेक आकडा उतरत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. १ ते १०० मधला कोणताही आकडा या रीतीने जास्तीत जास्त सात प्रयत्नांत सापडतो. वरच्या टोकाला वजन किती झपाट्याने वाढतं तेही पाहा: ६० ते ७५ मध्ये वीस केबी, ७५ ते ९० मध्ये चोपन्न.

९७ वर थांबण्याला कारण आहे. १०० केबी म्हणजे कुठे १,००,००० बाइट, तर कुठे १,०२,४००. फॉर्म कोणता हिशोब धरतो ते आपल्याला दिसत नाही, म्हणून थोडी जागा सोडलेली बरी.

प्रत्येक प्रयत्न मात्र मूळ चित्रावरूनच करायचा. ९० वर साठवलेली फाइल उघडून ७५ वर, मग तीच ८२ वर साठवली, तर प्रत्येक खेपेला तपशील गळतो आणि आकडा परत वर नेला तरी तो परत येत नाही. शिंप्याने कापलेलं कापड जोडून मूळ ताग्याएवढं होत नाही, तसंच.

गिम्पमध्ये जेपीईजी निर्यात करताना प्रिव्ह्यू चालू ठेवला, तर आकडा सरकवताच फाइलचा आकार दिसतो. ज्यांना कमांड चालते त्यांच्यासाठी इमेजमॅजिक ही शोधाशोध स्वतःच करतं. कापलेल्या फोटोवर एवढं पुरे:

```
magick declaration.jpg -auto-orient -resize 800x400 -strip -define jpeg:extent=97KB form.jpg
```

यातलं `-strip` फोटोला चिकटलेली तारीख, कॅमेऱ्याची माहिती आणि छोटं नमुनाचित्र काढून टाकतं. छोट्या फाइलीत हेच काही केबी खातात. पण फोटो उभा की आडवा ही खूणही त्याच माहितीत असते. म्हणून `-auto-orient` आधी हवं, नाहीतर कागद आडवा पडलेला अपलोड होतो.

अडचण उलटीही येते. आयबीपीएसचा फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो. एवढ्या लहान चित्रात क्वालिटी जरा खाली आणली की फाइल वीसच्या खाली घसरते आणि फॉर्म ती नाकारतो. तिथे आकडा वर न्यायचा, ९५ पर्यंतसुद्धा. आणि पीएनजी फाइलचं नाव बदलून शेवटी `.jpg` लिहिल्याने ती जेपीईजी होत नाही. उघडून पुन्हा साठवावीच लागते.

अपलोड करण्यापूर्वी तयार फाइल पूर्ण आकारात उघडा आणि प्रतिज्ञापत्राची शेवटची ओळ वाचून पाहा. ती तुम्हाला वाचता येत नसेल, तर फाइल मर्यादेत बसली तरी चालणार नाही. कागदाचा फोटो चांगल्या उजेडात पुन्हा काढा.