'पेंडिंग' म्हणजे नेमके काय?

आमच्या संस्थेतील २० लॅपटॉपवर आलेख काढण्याचे एक अ‍ॅप्लिकेशन बसवायचे होते. प्रत्येक लॅपटॉपपाशी न जाता ते इंट्यून या व्यवस्थापन प्रणालीतून एकदमच पाठवले. दुसऱ्या दिवशी १४ लॅपटॉपवर ते बसलेले होते. उरलेल्या ६ लॅपटॉपसमोर मात्र आठवडा झाला तरी 'पेंडिंग' एवढेच दिसत होते.

या शब्दाचा अर्थ 'काम चालू आहे' असा घेणे ही पहिली चूक. लॅपटॉपकडून शेवटचा निकाल अजून कळलेला नाही, एवढेच तो सांगतो. खरी हकीकत लॅपटॉपवरच असते. तिथे पडद्यामागे क्लायंट नावाची एक सेवा चालते. ती साधारण तासाभराने सर्व्हरला 'माझ्यासाठी काही आहे का?' असे विचारते, असल्यास फाइल उतरवून घेते आणि मग अ‍ॅप्लिकेशन बसवते. प्रत्येक पायरीची नोंद ती वेळेसह करून ठेवते. या नोंदींच्या फाइलना लॉग म्हणतात.

लॉग हजारो ओळींचे असतात. ते पहिल्यापासून वाचत बसू नये. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि व्यवस्थापकाच्या पानाच्या पत्त्यात तो दिसतो. तेवढाच शोधावा:

```
cd C:\ProgramData\Microsoft\IntuneManagementExtension\Logs
Select-String -Path *.log -Pattern "ओळखक्रमांक"
```

क्रमांक सापडलाच नाही, तर निरोप लॅपटॉपपर्यंत पोहोचलेला नसण्याची शक्यता मोठी. आमच्याकडे तो सापडला. निरोप आला होता, अ‍ॅप्लिकेशन आधीपासून नाही याची खात्रीही झाली होती. त्यापुढे फाइल उतरवण्याचा प्रयत्न आणि अपयश, हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती.

पण त्याच लॅपटॉपवर ब्राउझर व्यवस्थित चालत होता, मग इंटरनेट बंद कसे म्हणावे? म्हणून आम्ही साधा प्रयोग केला. सहापैकी एक लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ठेवला, बाकी काहीही बदलले नाही. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप्लिकेशन बसलेले होते. एक दिवस थांबावे लागले, कारण काही प्रयत्न फसल्यावर क्लायंट २४ तास पुन्हा प्रयत्न करत नाही. लॅपटॉप नुसता बंद-चालू करून उपयोग होत नाही, तो बहुधा यामुळेच.

दोष आमच्या जाळ्यात होता. ते सहा लॅपटॉप सदैव प्रयोगशाळेच्या जोडणीवर असत; बाकीचे घरीही जात. निरोप देणारा सर्व्हर आणि फाइलचे कोठार यांचे पत्ते वेगळे असतात. आमच्या फायरवॉलने पहिल्याला परवानगी दिली होती, दुसऱ्याला नाही. ब्राउझर वापरणाऱ्याच्या खात्यात नोंदलेल्या प्रॉक्सीमार्गे बाहेर जाई. क्लायंट मात्र SYSTEM या खात्यातून चालतो; त्याला तो मार्ग ठाऊकच नव्हता.

कोठाराचे पत्ते परवानगीच्या यादीत घातले आणि दोन दिवसांत उरलेले पाचही लॅपटॉप यादीतून सुटले.