रजेच्या अर्जातील अश्रू

हैदराबादेत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या मराठी माणसाचे घर पुष्कळदा नांदेडकडे असते. समजा, तेथून फोन येतो की आई घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. त्याच रात्री मुलगा अर्ज लिहितो: “माझी माउली मरणाच्या दारी तळमळत आहे. माझ्यावाचून तिला जगात कोणी नाही. साहेबांच्या ठायी दया असेल तर बारा दिवसांची रजा द्यावी; अन्यथा मला नोकरीवर पाणी सोडावे लागेल.”

यातील दुःख खरे आहे. परंतु केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 यांतील सातव्या नियमाप्रमाणे रजा हक्काने मागता येत नाही. कामाची निकड असल्यास ती नाकारता येते. तेव्हा अधिकाऱ्याला दोन गोष्टी तोलाव्या लागतात : गरज कोणती, आणि मधल्या काळात काम कोण पाहणार. वरील अर्ज या दोहोंबाबत मुका आहे.

म्हणून प्रत्येक वाक्याला विचारावे, की यामागे घडलेली गोष्ट कोणती? ‘मरणाच्या दारी’ म्हणजे खुब्याचे हाड मोडले असून 9 जूनला शस्त्रक्रिया आहे. ‘जगात कोणी नाही’ म्हणजे घरात शुश्रूषेला दुसरे प्रौढ माणूस नाही. नोकरी सोडण्याची भाषा मात्र समूळ काढावी. ती धमकी ठरते आणि कागदोपत्री कायम राहते. दयेच्या आवाहनाऐवजी कामाची व्यवस्था सांगावी.

मग अर्ज असा होतो : “माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले असून 9 जून रोजी नांदेड येथे शस्त्रक्रिया ठरली आहे. घरात तिची शुश्रूषा करणारे दुसरे कोणी नसल्याने सोमवार 8 जून ते शुक्रवार 19 जून अशी बारा दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी, तसेच आधीचे व नंतरचे शनिवार-रविवार जोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. माझ्याकडील प्रलंबित प्रकरणांची यादी सहकाऱ्याकडे सोपविली आहे. रजेतील पत्ता व दूरध्वनी खाली दिला आहे.”

मधला शनिवार-रविवार रजेतच मोजला जातो, म्हणून दिवस बारा भरतात. दोन्ही टोकांच्या सुट्या रजेत धरल्या जात नाहीत. मात्र त्यांचा उल्लेख अर्जात हवा. छापील नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो.

उलट चूकही होते. भिडेपोटी कोणी केवळ ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच लिहितो. अशा अर्जात आणि भाचीच्या लग्नाच्या अर्जात अधिकाऱ्याला भेद दिसत नाही, आणि कामाची गर्दी असली की तोच आधी मागे पडतो. आईचे दुखणे आणि मुलाची अडचण ही अर्जाची खरी कारणे होत. ती गाळावयाची नसतात. दिवस, ठिकाण व गरज यांच्यासह सांगावयाची असतात.