तोंड आलेलं मूल आणि पाण्याचा घोट

पाऊस सुरू झाला, खडकवासल्याचं धरण भरू लागलं, की अंगणवाडीतल्या एखाद्या मुलाच्या तळहातावर फोड दिसतात आणि आया म्हणतात, कांजिण्या आल्या. पण कांजिण्या पोटा-पाठीवर जास्त असतात. फोड तळहात, तळपाय, कुल्ल्यांवर असतील आणि तोंडही आलं असेल, तर तो बहुतेक हात-पाय-तोंडाचा आजार. गुरांच्या लाळ्या-खुरकूताशी याचा काही संबंध नाही. तो विषाणू वेगळा, गोठ्यातून हा येत नाही.

समजा, तीन वर्षांच्या मुलाला सोमवारी ताप आला. बुधवारी जिभेवर, गालांच्या आत आणि टाळूला फोड आले, मग हातापायांवर. सात ते दहा दिवसांत हे आपोआप बरं होतं. विषाणूचा आजार असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नाही. काही मुलांची नखं महिन्याभराने सुटतात, घाबरू नका, नवी येतात.

खरी काळजी अंगावरच्या फोडांची नाही, तोंडाची आहे. गिळताना आग होते म्हणून मूल पाणीच टाळतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी चालेल, पण पिणं थांबू देऊ नका. दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे गार पाणी, गार दूध, गार केलेली नाचणीची पेज किंवा ओआरएस द्या. केळं कुस्करून, मऊ भात दुधात कालवून देता येतो. तिखट, आंबट, खारट, गरम नको. लिंबू-संत्र्याचा रस तर मुळीच नको. अंगावरचं दूध चालू ठेवा. ओढताना रडलं तर काढून चमच्याने पाजा. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल पाजण्याआधी अर्धा तास दिलं तर घोट सोपा जातो. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. तोंडाला टाकणखार लावायची रीत आहे, पण तो पोटात गेला तर अपाय करतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

आजार थुंकी, शेंबूड, फोडांतलं पाणी आणि शी यांतून पसरतो. फोड वाळले तरी शीमधून विषाणू काही आठवडे जातो. म्हणून शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानेच हात धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. ताप जाऊन फोड वाळेपर्यंत मुलाला अंगणवाडीत पाठवू नका. पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवा.

सात-आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. ताप तीन दिवसांवर गेला किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असलं तरी दाखवा. झोपेत वारंवार दचकणं, चालताना झोकांड्या जाणं, सारख्या उलट्या, खूप गुंगी, धाप किंवा झटका दिसला तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा.