एक पोते साखर आणि तिचा खर्च

साखर कारखान्याचा एकूण खर्च ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकात सापडतो. पण एक क्विंटल साखर कितीला पडली आणि खर्च नेमका कुठे वाढला, हे तिथे दिसत नाही. ते शोधण्यासाठी परिव्यय लेखांकन लागते.

ज्या मापाने खर्च मोजायचा ते माप म्हणजे परिव्यय एकक. साखरेसाठी ते क्विंटल असते, बॉयलरसाठी एक टन वाफ. ज्या ठिकाणी खर्च गोळा करायचा ते परिव्यय केंद्र. ऊस गाळणारी मिल आणि रसाची साखर करणारे बॉयलिंग हाऊस ही उत्पादन केंद्रे आहेत. बॉयलर आणि वर्कशॉप ही सेवा केंद्रे. त्यांचा खर्च ज्यांनी सेवा घेतली त्या केंद्रांवर वाटला जातो. वाफ जास्त खर्ची पडली तर ती कोणत्या विभागात, हे या वाटणीतून कळते.

आता खर्चाचे वर्गीकरण. त्यासाठी एकाच खर्चाला तीन प्रश्न विचारले जातात. खर्च कशावर झाला, हा पहिला. उत्तर असते सामग्री, श्रम किंवा इतर खर्च. कोणत्या कामासाठी झाला, हा दुसरा. उत्पादन, प्रशासन, विक्री आणि वितरण हे त्याचे गट. उत्पादन घटले-वाढले की तो बदलतो का, हा तिसरा. रस शुद्ध करण्याचा चुना सामग्रीत मोडतो, उत्पादनासाठी लागतो आणि गाळपाबरोबर वाढतो, म्हणून तो बदलता खर्च. लेखा विभागातील कायम कारकुनाचा पगार श्रमात मोडतो, प्रशासनाचा असतो आणि गाळप कमी झाले तरी तेवढाच राहतो, म्हणून स्थिर. विजेच्या बिलात ठरावीक आकार आणि वापराचा आकार दोन्ही असतात, तो अर्धबदलता.

तिसरा प्रश्न सोडला तर काय होते, ते एका काल्पनिक हिशेबातून पाहू. एका कारखान्याचा स्थिर खर्च 20 कोटी रुपये आहे आणि बदलता खर्च क्विंटलमागे 3,300 रुपये. 5 लाख क्विंटल साखर झाली, तर स्थिर खर्चाचा वाटा 400 रुपये येतो आणि क्विंटल 3,700 रुपयांना पडते. पुढच्या हंगामात पाऊस कमी, ऊस कमी, साखर 4 लाख क्विंटल. जुन्याच 3,700 च्या दराने अंदाज बांधला तर खर्च 148 कोटी निघतो. प्रत्यक्षात 132 कोटी बदलता आणि 20 कोटी स्थिर मिळून 152 कोटी होतात. क्विंटलचा खर्च 3,800 रुपयांवर जातो. यात कुणाचीही उधळपट्टी नाही. तोच स्थिर खर्च कमी पोत्यांवर पडला आहे.

मात्र स्थिर खर्चही एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो. गाळप क्षमता वाढवण्यासाठी नवी मिल बसवली की तिचा घसारा 20 कोटींत भर घालतो, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.