कोकम सरबत सुपरमार्केटच्या शेल्फवर

कोकमाचे फळ पिकते एप्रिल-मेमध्ये, पण सरबताची मागणी मार्चपासूनच वाढू लागते. सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी, म्हणजे बायर, उन्हाळ्यात शेल्फवर कोणती पेये ठेवायची हे त्याच्याही आधी, थंडीच्या दिवसांत ठरवायला बसतो. म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या उत्पादकाने नवे कोकम पेय पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणायचे ठरवले, तर मागच्या हंगामातील रस साठवून डिसेंबर-जानेवारीतच बोलणी सुरू करावी लागतात. मार्च उजाडल्यावर गेलेल्याला बहुधा उरलेली, खालच्या फळीवरची जागा मिळते.

बोलणी पहिल्यांदा येतात ती मार्जिनवर. समजा, 200 मिलीच्या तयार कोकम पेयाच्या बाटलीची एमआरपी 42 रुपये आहे. फळांच्या रसाच्या पेयांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे करापूर्वीची किंमत 40 रुपये. (त्याच पेयात गॅस भरला तर कर 40 टक्क्यांवर जातो आणि सगळे गणितच बदलते.) बायर 25 टक्के मार्जिन मागतो. हे 25 टक्के कशावर, हा पहिला प्रश्न. विक्रीच्या किमतीवर मोजले तर दुकानाला 10 रुपये जातात आणि उत्पादकाला 30 मिळतात. खरेदीच्या किमतीवर मोजले तर दुकानाचे 8 आणि उत्पादकाचे 32 होतात. आकडा तोच असूनही बाटलीमागे 2 रुपयांचा फरक पडतो. दुकाने सहसा पहिली पद्धत धरतात, तेव्हा येथेही 30 रुपये धरू.

त्यातून रस, साखर, बाटली, झाकण, लेबल आणि मजुरीचे 17 आणि गोदामापर्यंतच्या वाहतुकीचे 3 रुपये गेले, की 10 उरतात. नंतर करारातले छोटे कलम पुढे येतात: दुकानात माल ठळक दिसावा म्हणून बिलाच्या 4 टक्के, फुटलेल्या व मुदत संपलेल्या मालासाठी 2 टक्के. बाटलीमागे आणखी 1 रुपया 80 पैसे गेले आणि हातात 8 रुपये 20 पैसे राहिले. पुढची प्रत्येक सवलत याच रकमेतून द्यायची असते. हा आकडा पाठ नसलेला उत्पादक बायरसमोर बसला, की ऐकायला लहान वाटणाऱ्या टक्क्यांना होकार देत जातो.

जागेच्या बाबतीत बहुतेक नवे उत्पादक नजरेच्या उंचीची फळी मागतात. ती मिळाली तर उत्तमच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो फेसिंगचा, म्हणजे समोरच्या रांगेत किती बाटल्या दिसतील याचा. फळीच्या खोलीत एकामागे एक सात बाटल्या मावत असतील, तर तीन फेसिंगमध्ये 21 बाटल्या बसतात. माल मात्र 24 बाटल्यांच्या खोक्यात येतो. खोके फोडले की तीन बाटल्या उरतात आणि त्या मागच्या खोलीत जातात. तेथे गेलेला सुटा माल सहजासहजी बाहेर येत नाही. समोरची फळी रिकामी होते, संगणकावर मात्र साठा शिल्लक दिसतो, त्यामुळे नवी मागणीही निघत नाही. एखाद्या दुकानात साठा असूनही विक्री अचानक शून्यावर आली, तर पहिला संशय याचाच घ्यावा. उपाय दोन: चार फेसिंग मागावीत किंवा खोकेच 12 बाटल्यांचे करावे. दुसरा उपाय उत्पादकाच्या हातातला आहे आणि बायरही त्याला बहुधा आनंदाने हो म्हणतो, कारण त्यात त्याची जागा जात नाही.

थंड कपाटाची आशा मात्र जपून धरावी. काउंटरजवळची अनेक कपाटे शीतपेयांच्या मोठ्या कंपन्यांनी स्वतः दिलेली असतात आणि त्यांत दुसऱ्याचा माल ठेवू नये अशी अट असते. बायरची इच्छा असली तरी तो तेथे जागा देऊ शकत नाही.

जाहिरात-सवलतीच्या अटींमध्ये सर्वांत जास्त पैसा बुडतो. ‘दोनवर एक मोफत’ ही मागणी हमखास येते. तीन बाटल्यांवर उत्पादकाच्या हातात एकूण 24 रुपये 60 पैसे असतात. तिसऱ्या बाटलीचे 30 रुपये त्याने सोडले, तर प्रत्येक जोडणीमागे 5 रुपये 40 पैशांचा तोटा होतो, आणि विक्री जितकी वाढेल तितका तोटाही वाढतो. त्याऐवजी 10 टक्के सूट सुचवता येते. ग्राहकाला बाटली 37 रुपये 80 पैशांना मिळते आणि करापूर्वीच्या किमतीत 4 रुपये कमी होतात. ते निम्मे-निम्मे वाटले तर उत्पादकाकडे 6 रुपये 20 पैसे उरतात. आधीइतकीच कमाई टिकवायला विक्री सुमारे एक तृतीयांशाने वाढली की पुरते. सगळे 4 रुपये त्यानेच सोसले तर 4 रुपये 20 पैसे उरतात आणि विक्री जवळजवळ दुप्पट व्हावी लागते. नव्या पेयाची चव लोकांना माहीत नसते, म्हणून थोडी सूट द्यावीच लागते. वाटणीचा आग्रह मात्र सोडू नये.

सूट कशावर द्यायची, हे त्याहून नाजूक. समजा 20 दुकानांत मिळून आठवड्याला 720 बाटल्या खपतात आणि सूट दोन आठवड्यांची आहे. सूट खरेदीच्या बिलावर दिली, तर बायर त्या काळात 5,000 बाटल्या उचलू शकतो. सवलतीत त्यातल्या 2,000 विकल्या जातात, उरलेल्या 3,000 नंतर पूर्ण किमतीला जातात. त्या बाटल्यांवर उत्पादकाने दिलेले 6,000 रुपये ग्राहकापर्यंत पोहोचतच नाहीत. वर पुढचे चार आठवडे नवी मागणी येत नाही आणि कारखाना थांबतो. म्हणून सूट काउंटरवर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या बाटल्यांवरच द्यायची, तिला एकूण बाटल्यांची मर्यादा घालायची आणि दुकानवार विक्रीचा तक्ता मिळाल्यावरच क्रेडिट नोट काढायची, असे आधीच लिहून घ्यावे. उचललेला माल आणि विकलेला माल यांचे आकडे शेजारी ठेवले, की गडबड लगेच कळते.

पैसे मिळण्याच्या मुदतीत कायदा उत्पादकाच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातील 43बी(एच) कलमही लागू झाले. त्यानुसार मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. बायरच्या लेखा विभागाला हे कलम चांगले ठाऊक असते. पण हे संरक्षण उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. माल वितरकामार्फत गेला, तर दुकानाकडून वितरकाला येणाऱ्या पैशांना ते सहसा लागू होत नाही.

राहिले ते माल काढून टाकण्याचे कलम. नव्या मालाला काही आठवडे दिले जातात आणि दर दुकानी दर आठवड्याची विक्री ठरलेल्या आकड्याखाली गेली, की तो यादीतून जातो. ही मुदत करारावर सही झाल्यापासून मोजली, तर निम्मा काळ माल गोदामातून दुकानांत पोहोचण्यातच जाऊ शकतो. माल बहुतेक दुकानांच्या शेल्फवर लागल्याच्या दिवसापासून ती मोजावी, फळी रिकामी राहिलेले दिवस हिशेबातून वगळावेत आणि उरलेला माल परत घ्यायचा झाल्यास त्याची किमान दोन महिन्यांची मुदत शिल्लक असावी, या तीन अटी प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी मागाव्यात. शुल्क भरून झाल्यावर बायरला त्या मान्य करण्याचे कारण उरत नाही.