आधी बघा, माणूस बोलतोय का?

१२ जून २०२१. कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्याचा पूर्वार्ध संपत आला होता. थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढे आलेला ख्रिस्तियन एरिक्सन कुणाचा धक्काही न लागता कोसळला. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोएसन पोचले तेव्हा श्वास चालू होता, नाडी लागत होती. पण लगेच चित्र पालटलं. छाती दाबायला सुरुवात झाली, मशीनने एक शॉक दिला आणि हृदय पुन्हा चालू झालं.

आपल्याकडे अशा वेळी सर्रास ‘अटॅक आला’ म्हणतात. पण हा होता कार्डिअ‍ॅक अरेस्ट. यात हृदयाची विद्युत यंत्रणा बिघडते. बहुतेक वेळा खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांतच शुद्ध हरपते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने तुंबते. स्नायूचा एक भाग मरू लागतो, पण हृदय चालू असतं. छातीवर दडपण येतं, दरदरून घाम फुटतो, हात किंवा जबडा दुखतो. तरी माणूस ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत तुमच्याशी वाद घालू शकतो.

वाद घालणाऱ्याची छाती दाबायची नसते. त्याला टेकून बसवा, जिना उतरायला लावू नका, १०८ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. बंद धमनी मात्र रुग्णालयातच उघडते, म्हणून तिथे लवकर पोचणं हाच खरा इलाज. शेजारच्यांची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची घाई टाळा. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो.

हाक मारूनही हालचाल नाही आणि श्वास नीट नाही, तर गाडी काढण्यात वेळ घालवू नका. फसवणूक होते ती इथेच. अरेस्टनंतर काही मिनिटं माणूस मधूनच आचके देतो, घोरल्यासारखा आवाज काढतो, आणि बघणारे म्हणतात, ‘श्वास चाललाय की!’ तो श्वास नव्हे. कधी झटकेही येतात. मग कुणी फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवतं. नाडी चाचपत बसणंही सामान्य माणसाने टाळावं, कारण घाबरलेल्या बोटांना स्वतःचेच ठोके जाणवतात.

एकाने १०८ला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. दुसऱ्याने रुग्णाला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध एकावर एक तळवे ठेवावेत आणि कोपर ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावं. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. दमछाक होतेच, म्हणून दोन मिनिटांनी माणूस बदलावा. या दाबण्याने मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं. थरथर थांबवतो तो शॉक. विमानतळावर, मॉलमध्ये भिंतीवर एईडी असेल तर कुणाला तरी तिकडे पिटाळावं. ते मशीन स्वतःच लय तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

हार्ट अटॅकचं रूपांतर अरेस्टमध्ये होऊ शकतं, विशेषतः पहिल्या तासात. म्हणून अँब्युलन्स येईपर्यंत छातीत दुखणाऱ्याला एकट्याने बाथरूमलाही पाठवू नये. गेलाच, तर आतून कडी लावू देऊ नये.