लेबल पुढे गेलं, आवाज मागे राहिला

प्रवासात विमान एकाच कंट्रोलरच्या हाताखाली नसतं. आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात, प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा आणि रेडिओची फ्रिक्वेन्सीही वेगळी. विमान हद्दीजवळ आलं की ते पुढच्याला सोपवावं लागतं. याला हँडऑफ म्हणतात, आणि त्यात दोन वेगळी कामं असतात.

पहिलं काम पडद्यावरचं. रडारवर प्रत्येक विमानाच्या ठिपक्याशेजारी त्याचं नाव, उंची आणि वेग दाखवणारं लेबल असतं. सोपवणाऱ्याने संगणकावर तशी सूचना दिली की ते लेबल पुढच्या कंट्रोलरच्या पडद्यावर लुकलुकू लागतं. त्याने बटण दाबून ते स्वीकारलं, की विमान घ्यायला तो तयार आहे असा अर्थ. त्याने स्वीकारलं नाही, तर विमान हद्द ओलांडू शकत नाही. फोनवर बोलून वाट काढावी लागते, नाहीतर विमान अलीकडेच वळवावं लागतं.

दुसरं काम आवाजाचं. आता जुना कंट्रोलर वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी सांगतो. वैमानिक ते आकडे परत म्हणून दाखवतो, रेडिओ बदलतो आणि नव्या कंट्रोलरला आपलं नाव व उंची कळवतो. बोलणं बहुधा हद्द येण्याआधीच नव्याकडे जातं. पण विमान अजून जुन्याच्या आकाशात असतं, त्यामुळे त्याला विचारल्याशिवाय नव्याला ते सहसा वळवता येत नाही. पुढे धोका दिसत असेल, तर तो जुन्याने सोपवण्याआधीच निस्तरायचा असतो.

ही दोन कामं एकमेकांपासून सुटली की काय होतं, ते अमेरिकेत २१ ऑक्टोबर २००९ रोजी दिसलं. नॉर्थवेस्टचं १८८ क्रमांकाचं विमान १४४ प्रवासी घेऊन सॅन दिएगोहून मिनिआपोलिसला निघालं होतं. वाटेत वैमानिक लॅपटॉपवर कामाचं वेळापत्रक पाहण्यात गुंतले आणि त्यांचं कंट्रोलरांशी बोलणं तुटलं. रडारवर मात्र विमान स्वच्छ दिसत होतं. लेबल एका सेक्टरमधून दुसऱ्यात रीतसर जात राहिलं, आवाज मात्र कुणाकडेच पोचला नाही. हे तासाहून अधिक काळ चाललं. शेवटी हवाई सेविकेने उतरायची वेळ विचारली तेव्हा वैमानिक भानावर आले. तोवर मिनिआपोलिस शंभराहून अधिक मैल मागे पडलं होतं. विमान सुखरूप परत आलं. वैमानिकांचे परवाने मात्र रद्द झाले.

चूक वैमानिकांचीच होती, यात वाद नाही. तरी मला चौकशीत निघालेली दुसरी बाब जास्त गंभीर वाटते. वैमानिकाला फ्रिक्वेन्सी दिली का, त्याने उत्तर दिलं का, याची नोंद पूर्वी कंट्रोलर कागदी पट्टीवर करत. पट्ट्यांच्या जागी पडदे आले, पण ही नोंद कुठे आणि कशी करायची, याचा देशभर एकच असा नियम नव्हता. त्यामुळे पाळी बदलून बसलेल्या कंट्रोलरला लेबल दिसे. ते विमान आपल्या फ्रिक्वेन्सीवर आहे की नाही, हे त्यावरून कळत नसे. अपघात तपास मंडळाने पुढे अशा नोंदीची ठरावीक पद्धत घालून द्यायला सांगितलं.